धडधड किती दिवसांनी होते?

छातीत धडधड होते म्हणून माणूस दवाखान्यात पोहोचतो, तोवर ती थांबलेली असते. तिथला दहा सेकंदांचा ईसीजी नॉर्मल येतो. पुढची तपासणी कोणती करायची, हे धडधड किती दिवसांनी होते आणि किती वेळ टिकते यावर ठरते.

समजा, बेचाळीस वर्षांच्या एका बाईंना महिन्यातून साधारण दोनदा त्रास होतो. धडधड एकदम सुरू होते, दहा मिनिटं राहते, एकदम थांबते. चक्कर किंवा बेशुद्धी कधीच नाही. अशा वेळी बहुधा होल्टर लावतात, कारण तो सहज मिळतो. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं, सुमारे 38 किलोंचं होतं; आजचं खिशात मावतं. 24 किंवा 48 तासांतला प्रत्येक ठोका ते नोंदवतं. रोज त्रास होणाऱ्याला ते पुरतं. पण या बाईंची धडधड नेमकी त्याच 24 तासांत होण्याची शक्यता पंधरात एक. रिपोर्ट नॉर्मल आला तर त्या दिवशी त्रास झाला नाही, एवढंच कळतं. तेवढ्यावर ‘टेन्शनमुळे होतंय’ असं सांगून त्यांना घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. उलटही घडतं. रिपोर्टमध्ये चार-दोन जादा ठोके दिसतात आणि त्यांच्यावरच दोष येतो. ते निरोगी माणसातही असतात. त्या क्षणी धडधड जाणवली होती का, हे डायरीतल्या वेळेशी ताडून पाहावं लागतं.

या बाईंना योग्य तो इव्हेंट रेकॉर्डर. लूप प्रकारचा रेकॉर्डर छातीवरच्या पट्ट्यांना जोडून दोन ते चार आठवडे वापरतात. तो जुनी नोंद पुसत नवी घेत राहतो. बटण दाबलं की आधीचा थोडा भागही जपून ठेवतो, त्यामुळे धडधड कशी सुरू झाली तेही दिसतं. पट्ट्यांनी खाज सुटते, काही जण कंटाळून त्या काढून ठेवतात आणि झटका नेमका तेव्हाच येतो. बाईंनी वेळेवर बटण दाबलं आणि मिनिटाला 180 ठोक्यांची, एकदम सुरू झालेली नियमित लय दिसली, तर बहुधा तो एसव्हीटी असतो. त्यावर औषधं आहेत, अॅब्लेशनही आहे. धडधड होत असताना लय नॉर्मल, फक्त वेग जास्त दिसला, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं.

झटका सहा महिन्यांतून एकदाच येत असेल, किंवा शुद्ध हरपल्यामुळे बटण दाबताच येत नसेल, तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर. छातीच्या डाव्या बाजूला, जागा बधिर करून, काही मिनिटांत तो बसवतात. बॅटरी साधारण तीन वर्षं किंवा जास्त चालते. फार जलद किंवा फार मंद लय तो आपोआप टिपतो. तो महाग आहे, जखमेत जंतुसंसर्गाचा थोडा धोकाही असतो. मात्र व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर यंत्र लावून वाट पाहत बसू नये. आधी तातडीने हृदयरोगतज्ज्ञांकडून इको आणि पूर्ण तपासणी करून घ्यावी.