चार मिनिटांचा ‘सिग्निफिकंट’ फरक

सर्वेक्षणावरच्या असाइनमेंटमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.’ यातला ‘म्हणून’ चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे एका उदाहरणात नीट दिसतं.

समजा, वसतिगृहात राहणारे आणि घरी राहणारे अशा दहा-दहा हजार विद्यार्थ्यांना रोजची झोप विचारली. वसतिगृहातली मुलं सरासरी ४ मिनिटं कमी झोपतात असं निघालं. दोन्ही गटांत प्रमाण विचलन ८० मिनिटांचं आहे. टी-चाचणी केली की पी-व्हॅल्यू येते साधारण ०.०००४. तिचा अर्थ एवढाच, की मुळात काहीही फरक नसता, तर निव्वळ नमुना निवडण्यातल्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दहा हजारांत चारेक वेळाच दिसला असता. फरक किती मोठा आहे, हे ती सांगत नाही. ते सांगतात ती चार मिनिटं. झोप विचारली की लोक ‘सात तास’, ‘साडेसहा’ असं अर्ध्या तासाच्या हिशेबात बोलतात. तिथे चार मिनिटांसाठी वसतिगृहाचं वेळापत्रक बदला म्हणणं मला पटत नाही.

आता तोच प्रश्न वर्गातल्या २५-२५ जणांना विचारला आणि फरक निघाला ४० मिनिटांचा. विचलन तेवढंच. पी-व्हॅल्यू येते ०.०८ च्या आसपास आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो, ‘फरक नाही.’ पण ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल काढून पाहा: उणे ५ पासून ८५ मिनिटांपर्यंत. म्हणजे फरक शून्य असू शकतो, तसाच तो सव्वा तासाचाही असू शकतो. इथे खरं उत्तर ‘या नमुन्यावरून सांगता येत नाही’ असं आहे. मोठ्या सर्वेक्षणातला अंतराल मात्र जेमतेम २ ते ६ मिनिटांचा. तिथे फरक आहे हे जवळपास पक्कं, आणि तो किरकोळ आहे हेही पक्कं.

असं होतं कारण पी-व्हॅल्यूत फरकाचा आकार आणि नमुन्याचा आकार एकत्र मिसळलेले असतात. माणसं वाढवत नेली की इवलासा खरा फरकही ०.०५ च्या खाली उतरतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हेच स्पष्ट केलं: पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजत नाही. शिवाय प्रश्नच दिशाभूल करणारा असेल किंवा उत्तरं देणारे ठरावीकच असतील, तर तो दोषही तिला दिसत नाही.

तेव्हा असाइनमेंट लिहिताना आधी फरक त्याच्या एककात लिहा, मग विश्वासांतराल, आणि पी-व्हॅल्यू शेवटी. किती मिनिटांचा फरक तुमच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा आहे, हे चाचणी चालवण्याआधीच ठरवून कागदावर नोंदवून ठेवा.