वरच्या मजल्यावर पाणी पोहोचते का? अग्निशमन पंप, वेट रायझर आणि त्यांची खरी चाचणी

दांडिया बाजार, रावपुरा भागातली जुनी घरे सोडून आपल्यापैकी बरीच मंडळी आता दहा-बारा मजली इमारतींत राहायला गेली आहेत. जिन्याजवळ भिंतीतून वर जाणारा जाड लाल पाईप आणि काचेच्या पेटीतली गुंडाळलेली होज आपण रोज पाहतो. तळघरातल्या पंपाच्या खोलीत मात्र फारसे कोणी डोकावत नाही. सोसायटीच्या कमिटीवर काम करण्याची वेळ आली की या व्यवस्थेच्या कागदावर सही करावी लागते. ती सही कशाच्या आधारे करायची, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पाणी वर कसे जाते

जमिनीखाली आगीसाठी राखीव पाण्याची टाकी असते. तिच्यातून पंप पाणी ओढतात आणि उभ्या लाल पाईपात ढकलतात. या पाईपात पाणी कायम दाबाखाली भरलेले असते, म्हणून त्याला 'वेट रायझर' म्हणतात. प्रत्येक मजल्यावर या पाईपाला एक मोठा व्हॉल्व्ह असतो, तोच हायड्रंट. त्याला ६३ मिलिमीटरची होज आणि होजच्या टोकाला पितळी नोझल जोडतात. शेजारी पातळ रबरी नळीची होज रील असते. ती रहिवाशांना एकट्याने वापरता येते. मोठी होज मात्र शिकलेल्या माणसांनीच धरावी, कारण २० मिलिमीटरच्या नोझलमधून पूर्ण जोराने पाणी सुटले की सुमारे २० किलोचा रेटा मागे बसतो.

पंप साधारणपणे तीन असतात. सर्वांत लहान तो जॉकी पंप. एखाद्या सांध्यातून थेंब-थेंब गळून दाब उतरला, तर तो भरून काढण्यापुरतेच त्याचे काम. त्याची क्षमता बहुधा मिनिटाला १८० लिटर. दुसरा विजेवरचा मुख्य पंप, उंच इमारतींत बहुधा मिनिटाला २२८० लिटरचा. तिसरा तेवढ्याच ताकदीचा डिझेल पंप, वीज गेली किंवा मुख्य पंप बिघडला तर चालण्यासाठी. कोणी कधी सुरू व्हायचे हे पाईपातला दाब ठरवतो. उदाहरणार्थ, दाब ७ किलोवर उतरला की जॉकी सुरू होतो आणि ८ किलोला थांबतो. तरीही दाब उतरत ६ वर आला, म्हणजे कोणीतरी हायड्रंट उघडला आहे असे समजून मुख्य पंप सुरू होतो. तोही कमी पडला तर ५ वर डिझेल पंप. येथे किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो. पंपवाले मिस्त्री नुसते 'किलो'च म्हणतात.

उंचीचा हिशेब

हा हिशेब सोपा आहे. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ किलो दाब खर्च होतो. समजा, सर्वांत वरचा हायड्रंट पंपापासून ३६ मीटर उंच आहे. म्हणजे ३.६ किलो नुसते चढण्यात गेले. वरच्या हायड्रंटवर पाणी वाहत असताना किमान साडेतीन किलो दाब हवा. पाईपातल्या घर्षणासाठी साधारण पाऊण ते एक किलो धरावा. बेरीज आठाच्या आसपास येते. म्हणून अशा इमारतीला पूर्ण प्रवाहावर ८ किलो दाब देणारा पंप लागतो.

शांत गेज आणि तळमजल्याची धार

पंपाच्या खोलीतला गेज ८ दाखवत असला की सगळे ठीक आहे, असे आपण मानतो. पण पाणी स्थिर असताना गेज फक्त पाईप भरलेला आहे एवढेच सांगतो. बँकेच्या भाषेत ही वहीतली शिल्लक झाली. तिजोरीतली रोकड मोजायची अजून बाकी आहे. मधला एखादा व्हॉल्व्ह तीन-चतुर्थांश बंद असला, तरी पाणी वाहत नाही तोवर त्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो. अडथळा कळतो तो पाणी वाहू लागल्यावरच.

दुसरी फसवणूक तळमजल्याची. पुष्कळ ठिकाणी चाचणी म्हणजे तळमजल्यावरचा हायड्रंट उघडायचा, जोरदार धार दाखवायची आणि फोटो काढायचा. पण ३६ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ डोक्यावर उभा असताना पंप बंद असला तरी खाली साडेतीन किलोच्या आसपास दाब मिळणारच. दीडशे मिलिमीटरच्या पाईपात एवढ्या उंचीला सहाशे लिटरहून अधिक पाणी असते, आणि वर गच्चीची टाकीही बहुधा याच पाईपाला जोडलेली असते. त्यामुळे ती धार पंपाची की गुरुत्वाकर्षणाची, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. वरच्या टोकाला मात्र अशी मदत जवळजवळ नसते. तिथे पाणी आणायचे तर ते पंपानेच आणले पाहिजे.

एका इमारतीत काय आढळले

माझ्या परिचयाच्या एका बारा मजली सोसायटीत वरच्या आकड्यांसारखीच व्यवस्था होती. देखभालीच्या ठेकेदाराने तळमजल्यावर चाचणी दिली आणि धार उत्तम आली. कमिटीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी आग्रह धरला की आता गच्चीवर चला. गच्चीवरच्या हायड्रंटला होज लावून तो उघडला. दोन-तीन सेकंद जोर आला आणि मग धार मलूल होऊन नोझलपुढे काही पावलांवर पडू लागली. खाली पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाने फोनवर सांगितले, "गेज साडेपाचवर आला आहे, पण फक्त छोटा पंप चालतो आहे."

दाब ६ च्या खाली गेला, तरी मुख्य पंप सुरू झाला नव्हता. पॅनेलवर पाहिले तर त्याचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर होता. काही महिन्यांपूर्वी जॉकी पंप बंद पडला होता. त्यामुळे गळतीने दाब उतरून मुख्य पंप रात्री-बेरात्री सुरू होई. आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून कोणीतरी तो स्विच फिरवला. जॉकी दुरुस्त झाला, स्विच तसाच राहिला.

स्विच ऑटोवर करून पुन्हा चाचणी घेतली. या वेळी मुख्य पंप लगेच सुरू झाला. पंपाजवळचा गेज ८.८ दाखवत होता. एकच नोझल उघडे असताना पंपावर भार कमी असतो, म्हणून दाब आठाहून अधिक येणे ठीकच. त्यातून उंचीचे ३.६ वजा केले की वर ५ च्या आसपास यायला हवे होते. वरचा गेज दाखवत होता दीड. म्हणजे साडेतीन किलो वाटेत कुठेतरी हरवत होते. पंपाजवळचाच गेज कमी असता, तर दोष पंपात, त्याच्या ओढीच्या बाजूला किंवा तुंबलेल्या गाळणीत शोधावा लागला असता. पंपाजवळ दाब भरपूर आणि वर कमी, याचा अर्थ अडथळा पंपाच्या पुढे. शोधल्यावर रायझरच्या पायथ्याचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला सापडला. रंगकामाच्या वेळी पाईप रिकामा करण्यासाठी तो बंद केला होता. तो पूर्ण उघडल्यावर वरचा गेज ५ वर आला आणि धार गच्चीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

दोन्ही दोष पैशाच्या दृष्टीने बिनखर्चाचे होते. पण तळमजल्याच्या चाचणीत दोन्ही दिसले नव्हते.

चाचणी कशी घ्यावी

रहिवाशांना आणि पहारेकऱ्यांना आधी कळवावे. एक माणूस पंपाच्या खोलीत आणि तीन माणसे सर्वांत वरच्या हायड्रंटपाशी असावीत, त्यांतली दोन नोझल धरायला. स्विच कोणत्या स्थितीत आहेत ते हात लावण्यापूर्वी लिहून घ्यावे. नंतर वरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. जॉकी किती दाबाला सुरू झाला, मुख्य पंप किती दाबाला सुरू झाला, आणि पाणी वाहत असताना खाली व वर दाब किती होता, हे आकडे नोंदवावेत. पुढच्या वेळी त्यांच्याशीच तुलना करायची असते.

पाणी किती आले हे टाकीवरूनही कळते. टाकी ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद असेल, तर पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे २५० लिटर. साडेतीन किलो दाबाला २० मिलिमीटरचे नोझल मिनिटाला सुमारे ५०० लिटर पाणी देते. म्हणजे पाच मिनिटांत पातळी निदान १० सेंटिमीटर उतरली पाहिजे. टाकीत येणारे पाणी तेवढा वेळ बंद ठेवायला विसरू नये.

एका नोझलने मुख्य पंपाची पूर्ण ताकद मात्र कळत नाही. त्यासाठी काही ठिकाणी प्रवाहमापक बसवलेला पाईप असतो, जो पाणी परत टाकीत सोडतो. चांगला पंप ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी देतानाही ठरलेल्या दाबाच्या ६५ टक्के दाब राखतो. आपल्या उदाहरणात मिनिटाला ३४२० लिटर देताना ५.२ किलो.

डिझेल पंपासाठी मुख्य पंप बंद ठेवून तसाच दाब उतरू द्यावा आणि इंजिन आपोआप सुरू होते का ते पाहावे. बटन दाबून सुरू करणे ही वेगळी गोष्ट. त्यात प्रेशर स्विच तपासलाच जात नाही. बहुतेक वेळा दगा देते ती बॅटरी, म्हणून इंजिन दर आठवड्याला थोडा वेळ चालवावे.

हायड्रंट बंद केल्यावर मुख्य पंप आपोआप थांबला नाही, तर तो बिघाड समजू नये. जवान नोझल क्षणभर बंद करतील तेव्हा पंप थांबू नये, म्हणून तो हातानेच थांबवायचा असतो. थांबवल्यावर स्विच परत 'ऑटो'वर आहे, हे दोघांनी पाहावे. शेवटी अर्धा तास जॉकीकडे लक्ष द्यावे. कोणी पाणी वापरत नसताना तो दर पाच-दहा मिनिटांनी सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपापुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतो आहे.

सहीपूर्वी

ज्यांचे फ्लॅट महाराष्ट्रात आहेत, त्यांना २००६ च्या तिथल्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. कागद कोणताही असो, ठेकेदाराला एवढेच विचारावे: सर्वांत वरच्या हायड्रंटवर, पाणी वाहत असताना, दाब किती होता? गेजसमोर उभे राहून आपण स्वतः वाचलेला आकडा त्या कागदावर असेल, तर खुशाल सही करावी.