मोबाइलवरचा धडा आणि वहीतलं गणित

नांदेड आणि लातूरकडच्या आपल्या गटांच्या बैठकीत बाया हमखास विचारतात, "रेंजच नाही, मग लेकरानं मोबाइलवर शिकावं कसं?" किनवट-माहूरच्या डोंगराकडं तर हा प्रश्न रोजचाच. आज त्याबद्दलच बोलू.

2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा वर्ग मोबाइलवर आले. पण चालू वर्गाला सलग रेंज लागते. मधेच आवाज तुटला की गणिताची पायरी निसटते. आधी उतरवून ठेवलेल्या धड्याचं तसं नसतं. बालभारतीच्या पुस्तकात काही धड्यांजवळ काळा-पांढरा चौकोनी क्यूआर कोड असतो. दीक्षा अ‍ॅप उघडून तो कोड स्कॅन केला, की त्या धड्याचं साहित्य दिसतं. बाजाराच्या गावी किंवा रेंज असेल तिथं ते डाउनलोड करून घ्यायचं. घरी येण्याआधी मोबाइलचा डेटा बंद करून ते चालवून बघायचं. तसं चाललं, तर धडा खरंच फोनमध्ये उतरला.

पण फोन घरात असायला हवा ना! एकच फोन, तो दिवसभर बापाबरोबर शेतात. संध्याकाळी आला की आधी पोराच्या हातात, पोरीची पाळी येईतो बॅटरी संपलेली. म्हणून आम्ही घरोघरी सांगतो, वेळ ठरवून वाटा आणि पोरीची पाळी आधी लावा. एकाच वर्गातली दोघं-तिघं एका फोनपुढं बसली तरी चालतं.

आता खरी अडचण पुढं आहे. सहावीतल्या एका पोरीनं अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ तीनदा बघितला. वहीत लिहिलं, 1/2 अधिक 1/3 म्हणजे 2/5. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. व्हिडिओला काही ती वही दिसत नाही, तो पुढं गेला. आईला वाटलं, पोरगी शिकली.

बाईंनी वही बघितली आणि भाकरी घ्यायला लावली. "अर्धी भाकरी तुझ्याजवळ आहेच. त्यात आणखी तिसरा हिस्सा घातला. मग ती अर्ध्याहून कमी कशी होईल?" 2/5 तर अर्ध्याहून कमी! मग भाकरीचे सहा सारखे तुकडे केले. अर्धी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. झाले पाच, म्हणजे 5/6. पोरीला कळलं, आधी तुकडे सारखे करायचे, मगच मोजायचे.

म्हणून धडा बघून झाला की लेकराला दोन गणितं वहीत, व्हिडिओ बंद करून, सोडवायला लावा. आपल्याला वाचता येत नसलं तरी "हे असं का केलंस?" एवढं विचारता येतं. अडलं तिथं खूण करायची आणि आठवड्यातून एकदा वही गुरुजींना किंवा बाईंना दाखवायची. पुढच्या बैठकीला येताना पासबुकाबरोबर लेकरांच्या वह्याही आणा. खुणा केलेली गणितं एकत्र करून आपण शाळेत घेऊन जाऊ.