विमा दावा नाकारल्याचे पत्र: कोणत्या नियमाने नाकारला आणि आता दाद कुठे मागायची?

गेल्या वर्षी इंदूरच्या आमच्या शाखेत एक बाई विमा कंपनीचे पत्र घेऊन आल्या. पत्रात कामाचे वाक्य एकच होते: "योजनेच्या नियमांनुसार सदर दावा देय होत नसल्याने तो अमान्य करण्यात येत आहे." कोणता नियम, ते नाही. पुढे काय करायचे, तेही नाही. "साहेब, हे पैसे येणार की नाही, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. पत्र वाचून मलाही ते सांगता येईना.

प्रकरण प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे होते. त्यांच्या पतीच्या खात्यातून 12 जूनला 436 रुपयांचा हप्ता कापला गेला होता. 28 जूनला त्यांना मोटारसायकलवरून जाताना ट्रकने धडक दिली आणि 4 जुलैला इस्पितळात त्यांचे निधन झाले. विम्याची रक्कम 2 लाख रुपये.

कंपनीला फोन केल्यावर कारण कळले: "लीन पिरियड". या योजनेत नव्याने सामील झालेल्या माणसाला पहिल्या 30 दिवसांत मृत्यू आल्यास विमा मिळत नाही. मृत्यू तेविसाव्या दिवशी झालेला. इथवर कंपनीचे बरोबर दिसते. पण याच नियमात एक अपवाद आहे: मृत्यू अपघाताने झाला असेल, तर ही 30 दिवसांची अट लागू नाही. मग गाडे अडले कुठे? मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते "हृदयक्रिया बंद पडणे". इस्पितळे बहुधा शेवटचे कारण लिहितात, मूळ इजा त्यात येतेच असे नाही. दाव्यासोबत एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल जोडलेला नव्हता, म्हणून कंपनीने तो नैसर्गिक मृत्यू धरला.

मी त्यांच्यासाठी तेच पत्र साध्या मराठीत पुन्हा लिहून काढले. अर्थात ते कंपनीचे पत्र नव्हते, समजण्यासाठीचा कागद होता. मूळ पत्र असेच असायला हवे होते, असे माझे मत आहे:

"आपल्या पतींचा विमा 12 जून रोजी सुरू झाला आणि मृत्यू 4 जुलै रोजी, म्हणजे 30 दिवसांच्या आत झाला. योजनेच्या नियमानुसार नवीन सदस्याला या काळात अपघाताव्यतिरिक्त इतर कारणाने मृत्यू आल्यास रक्कम देता येत नाही. आमच्याकडे आलेल्या कागदपत्रांत अपघाताचा पुरावा नाही, म्हणून दावा नाकारत आहोत. मृत्यू अपघाताने झाला असल्यास एफआयआर किंवा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि इस्पितळाचे कागद पाठवावेत. निर्णय मान्य नसल्यास आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते."

कागद वाचून बाई लगेच म्हणाल्या, "एफआयआर तर घरी आहे. मागितलाच नाही कोणी." तो मागायला हवा होता आमच्याच शाखेने, दावा पाठवतानाच. ही चूक आमचीही होती.

तुमच्या हातात असे मोघम पत्र आले, तर कंपनीला लेखी विचारा: कोणत्या अटीखाली दावा नाकारला, तिचे पूर्ण शब्द काय, आणि ती आमच्या प्रकरणात कोणत्या तारखेमुळे किंवा कागदामुळे लागू झाली? अट पूर्ण मागवा, कारण अपवाद बहुधा त्याच वाक्याच्या शेपटाला असतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ही तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर bimabharosa.irdai.gov.in येथेही नोंदवता येते, किंवा 155255 या क्रमांकावर फोन करून.

लोकपालांकडे थेट जाता येत नाही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असावी लागते. कंपनीने ती फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज करायचा असतो, म्हणून त्या पत्राची तारीख जपा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे, महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाण्यात. मात्र हेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत.

बाईंचे प्रकरण तिथवर गेले नाही. कागद जोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवला आणि रक्कम खात्यात जमा झाली. पण त्यांच्या पतींचे निधन त्याच तेविसाव्या दिवशी आजाराने झाले असते, तर साध्या मराठीतल्या पत्राने एवढेच सांगितले असते की कंपनीचा निर्णय नियमाला धरून आहे, आणि भोपाळच्या खेपा तरी वाचल्या असत्या.