‘फक्त डिजिटल’ दुकानाची गोष्ट

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. हाती आली ती दोन हजारांची नवी नोट, आणि ती मोडून द्यायला कुणाकडे सुट्टे नव्हते.

अशा वेळी तालुक्याच्या गावातल्या एका तरुण किराणा दुकानदाराने पाटी लावली असे समजू : ‘रोख स्वीकारली जाणार नाही.’ दुकानदार कल्पित आहे, पण त्याच्यापुढचे नियम खरे होते.

पहिले काही दिवस त्याचे बरे चालले. साठ रुपयांच्या साखरेसाठी दोन हजारांची नोट पुढे करणारे गिऱ्हाईक आता मोबाइल काढू लागले. सुट्ट्यांची कटकट मिटली. मात्र रोजंदारीवरची माणसे आणि साधा फोन असलेली म्हातारी मंडळी पाटी वाचून परत जाऊ लागली. ओळखीच्यांना त्याने वहीवर उधार दिले.

खरी अडचण आली ती गल्ल्याच्या मागे. मोबाइल वॉलेटमधले पैसे बँकेत वळवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने २२ नोव्हेंबरला छोट्या व्यापाऱ्यांना सवलत दिली. पूर्ण केवायसी नसली तरी वॉलेटमध्ये एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येई आणि महिन्याला ५०,००० रुपये बँक खात्यात नेता येत. आपल्या दुकानदाराची वॉलेटवरची विक्री रोजची ५,००० धरा. चौथ्या दिवशी वॉलेट भरले, ते त्याने रिकामे केले. पण दहाव्या दिवशी महिन्याची मर्यादाच संपली. पुढची विक्री वॉलेटमध्ये अडकली. घाऊक व्यापारी ते घेईना. दूधवाला आणि हमाल यांना तर रोखच हवी होती, आणि बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपयांवर काढता येत नव्हते. तेवढी रोकडही शाखेत असेलच असे नव्हते.

विक्री चालू, माल संपत आलेला आणि पैसे मधेच अडकलेले, अशी त्याची गत झाली. यातून सुटायला दोन गोष्टी लागल्या : कागदपत्रे देऊन केवायसी पूर्ण करणे आणि घाऊक व्यापाऱ्याला थेट बँकेतून पैसे पाठवायला राजी करणे. तिसरी सवय नुकसानीतून लागली. नेटवर्क अडखळले की गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘पैसे गेले’ दिसे, याच्याकडे मात्र काहीच येत नसे. तेव्हापासून स्वतःच्या फोनवर संदेश आल्याशिवाय तो पिशवी हातात देईना.

शेवटी त्याने पाटी बदलली : ‘सुट्टे असतील तर रोख चालेल.’ त्या सुट्ट्यांतूनच दूधवाल्याचे आणि हमालाचे पैसे भागू लागले. गिऱ्हाइकाकडून रोख नाकारणे त्याच्या हातात होते. आपल्याला माल देणाऱ्यांना मात्र तो रोख नाकारायला लावू शकत नव्हता.