संतत चक्रवाढ व वटावणी

संतत चक्रवाढ व वटावणी : व्याज वर्षातून ठराविक वेळा मुदलात न मिळविता क्षणोक्षणी मिळविले जाते, असे गृहीत धरून रकमेची वाढ मोजण्याच्या पद्धतीस संतत चक्रवाढ म्हणतात. भविष्यकाळी मिळणाऱ्या रकमेचे आजचे, म्हणजे वर्तमान, मूल्य काढण्याच्या उलट क्रियेस वटावणी म्हणतात. संतत पद्धतीत या दोन्ही क्रिया e या संख्येच्या (सु. २·७१८२८) घातांच्या साहाय्याने केल्या जातात. वार्षिक दर r (८ टक्के असल्यास ०·०८) व मुदत t वर्षे असेल, तर आजचा एक रुपया eʳᵗ रुपयांइतका होतो आणि t वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाचे वर्तमान मूल्य e⁻ʳᵗ रुपये असते. e⁻ʳᵗ यास घातांकी वटाव गुणक म्हणतात.

ही कल्पना एका साध्या प्रश्नातून निघाली. एक रुपया द. सा. द. शे. १०० दराने वर्षभर ठेवल्यास वर्षाअखेर २ रुपये होतात. तेच व्याज सहामाहीने मुदलात मिळविल्यास २·२५ रुपये आणि तिमाहीने मिळविल्यास सु. २·४४ रुपये होतात. मिळवणीची वारंवारता कितीही वाढविली, तर ही रक्कम अमर्याद वाढेल काय, हा प्रश्न स्विस गणितज्ञ याकोप बेर्नुली यांनी १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात हाताळला आणि ती रक्कम अडीच व तीन यांच्या दरम्यानच राहते, असे दाखविले. या सीमेस पुढे लेनर्ड ऑयलर यांनी e हे चिन्ह दिले. व्याज वर्षातून m वेळा मिळविल्यास t वर्षांनी एका रुपयाचे (१ + r/m)ᵐᵗ रुपये होतात. m अमर्याद वाढविल्यास या राशीची सीमा eʳᵗ ही येते.

मिळवणीच्या वारंवारतेचा परिणाम : द. सा. द. शे. ८ दराने ३० वर्षांनंतर मिळणाऱ्या १,००,००० रुपयांचे वर्तमान मूल्य काढावयाचे आहे, असे समजू. व्याज वर्षातून एकदा मुदलात मिळत असेल, तर हे मूल्य ९,९३८ रुपये येते. सहामाही मिळवणीत ते ९,५०६, तिमाही मिळवणीत ९,२८९, मासिक मिळवणीत ९,१४४ आणि दैनिक मिळवणीत ९,०७४ रुपये येते. संतत पद्धतीत घातांक ०·०८ × ३० = २·४ असल्यामुळे e च्या −२·४ या घाताचे मूल्य ०·०९०७२ घ्यावे लागते व वर्तमान मूल्य ९,०७२ रुपये येते.

दैनिक व संतत या दोहोंत लाख रुपयांमागे अवघा दोन रुपयांचा फरक आहे, तर वार्षिक व संतत यांत ८६६ रुपयांचा, म्हणजे सु. ८·७ टक्क्यांचा, फरक आहे. वार्षिक मिळवणीवरून सहामाहीवर येताच या फरकाचा जवळजवळ अर्धा भाग भरून निघतो. यावरून दैनिक मिळवणीऐवजी घातांकी गुणक वापरण्यात व्यवहारतः काही बाध येत नाही, परंतु वार्षिक वा सहामाही मिळवणीचा दर जसाच्या तसा e⁻ʳᵗ मध्ये घातल्यास चूक लक्षणीय होते, असे दिसून येते.

फरकाचे प्रमाण : वार्षिक मिळवणीचा वटाव गुणकही घातांकी रूपात लिहिता येतो. त्यात r च्या जागी (१ + r) चा स्वाभाविक लॉगरिथम येतो. हा लॉगरिथम r पेक्षा किंचित लहान असून दोहोंतील अंतर सु. r²/२ इतके असते. म्हणून t वर्षांच्या मुदतीत दोन्ही घातांकांत सु. r²t/२ इतके अंतर पडते आणि हे अंतर लहान असेपर्यंत वर्तमान मूल्यांतील सापेक्ष फरकही सु. तेवढाच असतो. मुदत दुप्पट केल्यास हा फरक दुप्पट होतो. दर दुप्पट केल्यास मात्र तो चौपट होतो. वर्षातून m वेळा मिळवणी होत असल्यास तो m पटीने कमी होतो.

सापेक्ष फरक एक टक्क्यावर जाण्यास किती काळ लागतो, हे पाहिल्यास दराचा प्रभाव स्पष्ट होतो. द. सा. द. शे. ४ दराने सु. १३ वर्षे, ८ दराने सु. ३·३ वर्षे आणि १२ दराने अवघे दीड वर्ष लागते. कमी दर व थोडी मुदत असताना कोणतीही पद्धत वापरली तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. एक वर्षाच्या मुदतीस ६ टक्के दराने लाख रुपयांमागे हा फरक १६३ रुपयांचाच असतो. चढे दर व दीर्घ मुदत एकत्र आल्यास मात्र त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

सापेक्ष फरक मुदतीबरोबर सतत वाढत जातो. रुपयांतील फरक मात्र प्रथम वाढतो व पुढे घटू लागतो, कारण फार दूरच्या रकमेचे वर्तमान मूल्यच अल्प असते. ८ टक्के दरास तो १३ वर्षांच्या सुमारास सर्वांत मोठा असतो. त्या मुदतीस लाख रुपयांची वर्तमान मूल्ये ३६,७७० व ३५,३४५ रुपये, म्हणजे फरक सु. १,४२५ रुपये येतो. तो ३० वर्षांच्या ८६६ रुपयांपेक्षा बराच अधिक आहे.

दरांचे रूपांतर : वरील सर्व फरक एकच आकडा दोन वेगळ्या अर्थांनी वापरल्यामुळे उद्‌भवतो. ‘८ टक्के, वार्षिक मिळवणी’ व ‘८ टक्के, संतत मिळवणी’ हे दोन भिन्न दर आहेत. दुसरा दर वर्षाअखेर ८·३३ टक्के वाढ देतो. दराचे योग्य रूपांतर केल्यास दोन्ही पद्धतींचे उत्तर तंतोतंत एकच येते. वर्षातून m वेळा मिळवणीच्या i या दराशी तुल्य असा संतत दर r = m × ln(१ + i/m) या सूत्राने मिळतो; येथे ln हे स्वाभाविक लॉगरिथमाचे चिन्ह आहे. वार्षिक ८ टक्क्यांशी तुल्य संतत दर ७·६९६१ टक्के येतो. त्यास ३० ने गुणून मिळणाऱ्या २·३०८८ या घातांकाने वटाव केल्यास लाख रुपयांचे वर्तमान मूल्य पुन्हा ९,९३८ रुपयेच येते.

भारतात बँकांच्या मुदत ठेवींवर सामान्यतः तिमाही चक्रवाढीने व्याज दिले जाते, तर केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर ते सहामाहीने मिळते व त्यांचा परतावाही सहामाही मिळवणीच्या हिशेबाने सांगितला जातो. सहामाही ७ टक्क्यांशी तुल्य संतत दर ६·८८ टक्के आहे. हे अंतर क्षुल्लक वाटले, तरी केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्रथमच विक्रीस काढलेल्या रोख्यांप्रमाणे मुदत ५० वर्षांची असल्यास, रूपांतर न करता ७ टक्के हाच दर घातांकी गुणकात घातला, तर अखेरीस परत मिळणाऱ्या मुदलाचे वर्तमान मूल्य सु. ५·८ टक्क्यांनी कमी दिसते.

अशी चूक झाली आहे किंवा नाही, हे एक वर्षाच्या गुणकावरून ताडून पाहता येते. दर वार्षिक मिळवणीचा ८ टक्के असेल, तर एका वर्षाचा वटाव गुणक ०·९२५९ आला पाहिजे. तो ०·९२३१ आल्यास दराचे रूपांतर राहून गेले आहे, असे समजावे.

नियमित प्राप्तींचे मूल्य : निवृत्तिवेतन, भाडे वा यंत्रापासूनचे उत्पन्न यांत रक्कम एकदाच न मिळता दरवर्षी मिळते. दर वर्षाच्या अखेरीस १०,००० रुपये याप्रमाणे ३० वर्षे प्राप्ती होणार असल्यास वार्षिक ८ टक्के दराने तिचे वर्तमान मूल्य १,१२,५७८ रुपये येते. तोच ८ चा आकडा संतत दर म्हणून वापरल्यास ते १,०९,१७४ रुपये येते. येथे फरक ३ टक्क्यांचाच आहे, कारण मूल्याचा मोठा भाग जवळच्या वर्षांतील हप्त्यांतून येतो व त्यांच्या बाबतीत r²t लहान असते. तथापि ही प्राप्ती मिळविण्यासाठी आज १,११,००० रुपये गुंतवावे लागत असतील, तर पहिल्या हिशेबाने १,५७८ रुपयांचा लाभ व दुसऱ्याने १,८२६ रुपयांची हानी दिसते. गुंतवणुकीचा निर्णय दोन जवळपास समान रकमांच्या वजाबाकीवर अवलंबून असल्यामुळे मूल्यातील थोड्या टक्क्यांच्या चुकीने तो उलटू शकतो.

संतत चक्रवाढ व संतत प्राप्ती यांत गल्लत करू नये. वरील १०,००० रुपये वर्षाअखेर एकरकमी न मिळता वर्षभर सारख्या गतीने मिळत राहिले, तर वार्षिक ८ टक्क्यांशी तुल्य अशा संतत दराने त्यांचे वर्तमान मूल्य सु. १,१७,०२३ रुपये होते. येथील ४ टक्क्यांची वाढ खरी आहे. पैसे सरासरीने सहा महिने आधी हाती येतात, हे तिचे कारण होय. दराच्या संकेतातील गल्लतीमुळे दिसणारा फरक योग्य रूपांतराने नाहीसा होतो. प्राप्तीच्या वेळेमुळे पडणारा फरक कोणत्याही रूपांतराने जात नाही.

उपयोग व मर्यादा : प्रत्यक्ष व्यवहारात क्षणोक्षणी व्याज क्वचितच दिले जाते, तरीही घातांकी गुणक सोयीचे ठरतात, कारण लागोपाठच्या काळांचे घातांक केवळ बेरजेने एकत्र करता येतात. पहिली ३ वर्षे ६ टक्के व पुढील २ वर्षे ८ टक्के संतत दर असल्यास एकूण घातांक ०·१८ + ०·१६ = ०·३४ होतो. वर्षाचा अपूर्णांक असलेल्या मुदतीसही निराळे सूत्र लागत नाही. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विकल्प करारांच्या मूल्यनिर्धारण सूत्रात हाच e⁻ʳᵗ गुणक येतो. त्या सूत्रात घालावयाचा दर संतत असावा लागतो. बाजारात सांगितला जाणारा वार्षिक दर आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. विकल्प करारांची मुदत सामान्यतः काही महिन्यांचीच असल्यामुळे तेथे ही चूक लहान राहते व सहसा ध्यानात येत नाही. तीच सवय निवृत्तिवेतन वा आयुर्विम्याच्या तीस-चाळीस वर्षांच्या देण्यांना लावल्यास मात्र त्या देण्यांचे मूल्य वास्तवापेक्षा कमी ठरते व त्यांच्यासाठी राखून ठेवलेला निधी अपुरा पडतो.