भिंतीवर चिकटलेली अक्षरं

डेव्हिड फिंचर यांच्या २००२ सालच्या 'पॅनिक रूम'ची श्रेयनामावली आठवून पाहा. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींसमोर प्रचंड अक्षरं उभी आहेत, भिंतींच्याच कोनात आणि त्यांच्याच उन्हात. कॅमेरा सरकला, तरी ती जागा सोडत नाहीत. तसाच परिणाम आज मोबाइलवर हातात धरून घेतलेल्या दृश्यातही साधता येतो. त्यासाठी हाताची थरथर काढून टाकावी लागत नाही. ती मोजायची आणि जशीच्या तशी अक्षरांना द्यायची, एवढंच.

समजा, गिलावा केलेल्या भिंतीचा चार सेकंदांचा शॉट आहे. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १०० चित्रं. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. पहिल्या फ्रेमवर भिंतीतल्या एखाद्या ठळक खुणेवर आपण चौकोनी मार्कर ठेवतो. सॉफ्टवेअर त्या चौकोनातली नक्षी लक्षात ठेवतं आणि पुढच्या फ्रेममध्ये ती कुठे गेली हे जवळपासच्या भागात शोधतं. शंभर फ्रेम झाल्या की त्या खुणेचा पूर्ण प्रवास हाती येतो.

एका खुणेवरून फक्त डावी-उजवी आणि वर-खाली हालचाल कळते. दोन खुणा असल्या की फिरणं आणि लहान-मोठं होणंही कळतं. पण कॅमेरा तिरका झाला की भिंतीचा आयत एका बाजूला निमुळता दिसतो. तो बदल पकडायला किमान चार खुणा लागतात. प्रत्यक्षात आठ-दहा घ्याव्यात. एखादी झाकली गेली तरी बाकीच्या काम निभावतात. मग त्या सगळ्या निवडून `Create Plane Track` दिलं की भिंतीवर एक चौकट तयार होते. तिचे कोपरे ओढून शीर्षकाच्या जागेवर बसवायचे. पुढे कंपोझिटरमधला `Plane Track Deform` हा नोड शीर्षकाचं चित्र प्रत्येक फ्रेममध्ये त्या चौकटीप्रमाणे वाकवतो आणि `Alpha Over` ते मूळ दृश्यावर चढवतो.

सगळं यश खुणांच्या निवडीवर ठरतं. विटांमधल्या आडव्या सांध्यावर मार्कर ठेवला, तर तो सांध्याच्या लांबीत घसरतो, कारण त्या रेषेचा प्रत्येक तुकडा सारखाच दिसतो. रेषा जिथे दुसरीला छेदते तो कोपरा, खिळ्याचं डोकं, गिलाव्याचा उडालेला टवका अशा खुणा चांगल्या. मात्र त्या सगळ्या भिंतीच्याच पातळीत हव्यात. पुढे आलेल्या खिडकीच्या जाळीवरचा बिंदू कॅमेरा सरकताच भिंतीपेक्षा वेगाने सरकतो आणि चौकट पिळवटते. भिंत अगदी कोरी असेल, तर शूटिंगआधी चिकटपट्टीचे लहान तुकडे लावावेत. त्यांतले काही शीर्षकाखाली झाकले जातात, उरलेले नंतर पुसता येतात.

दुसरा दोष हळूहळू येतो. मार्कर प्रत्येक फ्रेमची तुलना फक्त आधीच्या फ्रेमशी करत असेल, तर दर वेळची पिक्सेलच्या अंशाएवढी चूक साचत जाते. शेवटी अक्षरं भिंतीवरून तरंगत निघाल्यासारखी दिसतात. ते ओळखण्यासाठी शीर्षकाऐवजी आधी चौकड्यांचं चित्र बसवावं, त्याच्या कडेला असलेल्या एका डागावर नजर ठेवावी आणि पहिली व शेवटची फ्रेम आलटून पालटून पाहावी. अंतर बदललं असेल, तर `Match` मध्ये `Keyframe` निवडावं, म्हणजे तुलना आपण नेमून दिलेल्या फ्रेमशी होते.

आता समजा, साठाव्या फ्रेमच्या सुमाराला एक माणूस भिंतीसमोरून जातो. अक्षरं त्याच्या अंगावर चढलेली दिसतील, कारण भिंत मागे आणि माणूस पुढे आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. त्याच्या कडेने मास्क आखून तो काही फ्रेमच्या अंतराने हलवावा लागतो. या कामाला बहुधा ट्रॅकिंगपेक्षा जास्त वेळ जातो. त्याच्यामुळे झाकलेले मार्करही तेवढ्या फ्रेमपुरते बंद ठेवावे लागतात, नाहीतर ते त्याच्या शर्टाला चिकटून त्याच्याबरोबर निघून जातात.

जागा अचूक असूनही अक्षरं उपरी वाटली, तर कारण बहुधा धूसरपणात असतं. हाताच्या झटक्याने भिंत एका फ्रेमपुरती फराटते आणि अक्षरं मात्र लख्ख राहतात. त्याच नोडमधला `Motion Blur` चालू करून `Shutter` चित्रीकरणाशी जुळवला की ती भिंतीबरोबर फराटतात. हा धूसरपणा फार असेल, तर ट्रॅकिंगच तुटतं. म्हणून भरपूर उजेडात १/२०० सेकंदाच्या आसपासचा शटर ठेवून शूट करणं सोयीचं.

एवढं करूनही ही पद्धत सपाट पृष्ठभागापुरतीच चालते. गोल बुरुजावर किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यावर पसरलेलं शीर्षक एका चौकटीत मावत नाही. तिथे कॅमेऱ्याची त्रिमितीतली वाटच शोधून काढावी लागते.